तफावत

इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगवर वाचण्याजोगा मजकूर फार थोडा असतो. खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट, म्हणजे टायटल ब्लॉक. त्याच्या वर किंवा शेजारी चार-सहा सूचना. आणि आकृतीभोवती विखुरलेली मापं. शब्द मोजले तर शंभराच्या आत. म्हणूनच असं काम घेऊन येणारा माणूस हमखास म्हणतो, "फार नाहीये हो, अर्ध्या तासाचं काम आहे." त्याचं म्हणणं खोटं नसतं. शब्दांपुरतं ते अर्ध्या तासाचंच असतं. पण ड्रॉइंगवर शब्दांच्या अधेमधे जी चिन्हं असतात, ती अरबी मजकुराच्या शेजारी नेऊन ठेवली की जागची हलतात. खरं काम तिथं सुरू होतं.

मी अरबीतून मराठीत आणि मराठी-इंग्रजीतून अरबीत अनुवाद करते. त्यात गोष्टी-कविता थोड्या, करारनामे आणि यंत्रांच्या पुस्तिका जास्त. इथे एका ड्रॉइंगविषयी सांगते. एका भारतीय कारखान्याचा पंप इजिप्तमध्ये शेताला पाणी उपसत होता. त्याचा शाफ्ट झिजला. नवा शाफ्ट बोटीनं येईपर्यंत हंगाम निघून गेला असता, म्हणून तो तिथल्याच वर्कशॉपमध्ये करून घ्यायचं ठरलं. कारखान्याच्या जुन्या फाइलमधला कागद कुणीतरी टेबलावर ठेवून मोबाइलनं टिपला आणि तो फोटो माझ्याकडे आला. टायटल ब्लॉक, टॉलरन्स आणि सूचना अरबीत हव्या होत्या.

फोटोतला कागद सपाट नसतो. कॅमेरा किंचित तिरका असला की एका बाजूची रेघ लांब दिसते आणि दुसऱ्या बाजूची आखूड. त्यामुळे ड्रॉइंगवर नेहमी असणारी 'रेघ मोजून माप घेऊ नये' ही सूचना फोटोच्या बाबतीत जास्तच खरी ठरते, आणि टायटल ब्लॉकमधल्या स्केलला काही अर्थ उरत नाही. तरी स्केल अनुवादात ठेवायचं असतं, कारण ते मूळ कागदाविषयीचं विधान आहे. मी आधी कशाचाही अनुवाद करत नाही. कागदावर जे दिसतं ते सगळं, ओळीनं, आहे तसं उतरवून काढते. जे नीट दिसत नाही तिथं प्रश्नचिन्ह टाकते.

या फोटोत अशी दोन प्रश्नचिन्हं उरली. एक घडीवर होतं. शाफ्टची एकूण लांबी 420 आणि टप्प्यांची मापं 62, 95, मग घडीत सापडलेलं `1?8`, आणि शेवटी कंसात 115. कंसातलं माप केवळ माहितीसाठी असतं. त्यावरून काम करायचं नसतं, पण ताळा मात्र घेता येतो. 62, 95 आणि 115 मिळून 272 होतात. 420 मधून ते वजा केले की 148 राहतात. म्हणजे घडीतला आकडा 4.

दुसरं प्रश्नचिन्ह जास्त नाजूक होतं. बेअरिंग बसतं त्या जागेवर `Ø35` लिहून पुढे एक अक्षर आणि 6 होता. हातानं काढलेलं ते अक्षर `h` होतं की `k`, हे तेलाच्या डागामुळे कळत नव्हतं. दोन्हींत फरक काय? `k6` म्हटलं की शाफ्ट ठरलेल्या मापापेक्षा नेहमी किंचित जाड राहतो, बेअरिंग त्यावर ठोकून बसवावं लागतं आणि ते घट्ट धरून राहतं. `h6` म्हटलं की शाफ्ट ठरलेल्या मापाएवढा किंवा त्याहून किंचित बारीक राहतो. अशा शाफ्टवर बेअरिंगची आतली कडी फिरताना सरकू लागते आणि जागा घासत जाते. सुदैवानं अक्षराच्या शेजारी लहान आकड्यांत मर्यादाही लिहिल्या होत्या. खालची पुसट झाली होती, पण वरची `+0.018` अशी स्पष्ट होती. 30 ते 50 मिलिमीटरच्या गटात `h6` ची वरची मर्यादा शून्य असते आणि `k6` ची `+0.018`. तक्ता सांगत होता की अक्षर `k` आहे आणि खालची पुसट मर्यादा `+0.002` आहे.

तरीही ही दोन्ही उत्तरं मी गुपचूप भरली नाहीत. कारखान्याला लिहिलं, "इथं 148 आणि `k6` असावं असं गणितावरून वाटतं. तेवढ्या दोन जागांचे जवळून फोटो पाठवा." तर्क बरोबर असला तरी ड्रॉइंगवर सही दुसऱ्याची असते. फोटो आले आणि मग पुढे गेले.

टायटल ब्लॉक मराठी माणसाला अरबीत परका वाटत नाही. तारखेच्या घरात 'तारीख़' येतं. ड्रॉइंग नंबरमधल्या नंबरसाठी 'रक़्म' येतं. आपण त्याची रक्कम करून पैशाला लावली, तिकडे तो नुसता आकडा राहिला. पण ही ओळख फसवीही असते. पोलाद म्हटलं की हात आपोआप 'फ़ूलाज़' लिहायला जातो. तो शब्द अरबीत आहे, कळतोही. पण इजिप्तच्या वर्कशॉपात स्टीलला 'सुल्ब' म्हणतात. तोच लिहायचा.

खरी अडचण दोन घरांत होती. एकात ड्रॉइंग कुणी तपासलं त्याची सही असते, दुसऱ्यात ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती कितवी ते असतं. अरबीत 'मुराजआ' हा शब्द दोन्हीकडे चालतो. त्याचा अर्थ पुन्हा पाहणं. दोन्ही घरांत तोच शब्द पडला, तर आवृत्तीच्या घरातलं `B` हे तपासणाऱ्याचं आद्याक्षर वाटू शकतं. मग जुनी आवृत्ती हातात आहे की नवी, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. म्हणून तपासणीसाठी 'तद्क़ीक़' आणि आवृत्तीसाठी 'तअदील', म्हणजे दुरुस्ती, असे वेगळे शब्द घेतले.

मटेरिअलच्या घरात `EN 8` होतं. आपल्याकडच्या लेथवाल्याला हे पाठ असतं: सुमारे 0.4 टक्के कार्बनचं साधं स्टील. हे नाव जुन्या ब्रिटिश प्रमाणातलं. ब्रिटननं पुढे त्याला `080M40` असा नवा क्रमांक दिला, पण आपल्या बाजारात जुनंच नाव टिकलं. बाहेरच्या माणसाला मात्र `EN` दिसलं की युरोपीय प्रमाण आठवतं, आणि तो तिथं आठवा क्रमांक शोधू लागतो. नाव बदलायचा अधिकार अनुवादकाला नाही. मी `EN 8` तसंच ठेवलं आणि कारखान्याच्या इंजिनिअरला विचारून खाली एक ओळ जोडली: जुनं ब्रिटिश नाव, `080M40` शी समान.

आता टॉलरन्स. मराठीत त्याला कोशातला शब्द सापडेल, पण कारखान्यात सगळे टॉलरन्सच म्हणतात. कुठलंही माप अगदी नेमकं उतरत नाही. किती चुकलं तरी चालेल, ती सीमा म्हणजे टॉलरन्स. अरबी शब्दकोश उघडला तर पहिला शब्द 'तसामुह' मिळतो. माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, परधर्माविषयी सहिष्णुता बाळगतात, ते तसामुह. यंत्राच्या कागदावर तो अगदीच चुकीचा नाही, पण वर्कशॉपात त्यानं नीट बोध होत नाही. दुसरा शब्द 'ख़ुलूस'. तो यंत्रातलाच आहे, आणि म्हणून जास्त धोक्याचा. ख़ुलूस म्हणजे दोन भाग एकमेकांत बसल्यावर मध्ये राहणारी मोकळी जागा. टॉलरन्स एकाच भागाचा असतो, ख़ुलूस दोन भागांमधला. `0.025` हा आकडा एका भागाच्या मापात चालेलसा फरक आहे की दोन भागांत ठेवायची फट, हे शब्दावरून ठरणार असेल तर शब्द चुकवून चालणार नाही.

इजिप्तच्या तांत्रिक पुस्तकांत टॉलरन्ससाठी जो शब्द येतो, तो आपल्या घरातलाच निघाला: 'तफ़ावुत'. आपली तफावत. हिशेबात तफावत आली म्हटलं की मराठी माणसाच्या कपाळाला आठी पडते. आपल्याकडे तफावत म्हणजे काहीतरी चुकलं. ड्रॉइंगवर तीच तफावत आधी मोजून, सही करून दिलेली मुभा असते. ओळखीचा शब्द असा अर्थाची कूस बदलून समोर आला की अनुवादकाला बरं वाटतं. ते असो.

शब्द ठरला, आता अक्षरं आणि आकडे. मापापुढचं `H7` किंवा `g6` हे अरबी अक्षरांत लिहून काढावं असं वाटू शकतं. ते अजिबात करायचं नाही. या पद्धतीत कॅपिटल अक्षर भोकासाठी असतं आणि स्मॉल अक्षर शाफ्टसाठी. `H7` म्हणजे भोक, `h7` म्हणजे शाफ्ट. अरबी लिपीत कॅपिटल-स्मॉल असा भेदच नाही, जसा आपल्या देवनागरीतही नाही. 'एच सेव्हन' असं लिहिलं की भोक आणि शाफ्ट एक होऊन जातात. आपल्या वर्कशॉपात माणसं मुद्दाम 'कॅपिटल एच' म्हणून सांगतात ते त्यासाठीच. ही अक्षरं रोमनच राहायला हवीत.

आकडेही मी बदलत नाही. इजिप्तमध्ये रोजच्या व्यवहारात जे अरबी अंक लिहितात, त्यांतलं शून्य म्हणजे एक ठिपका आणि पाच म्हणजे जवळजवळ आपलं शून्य. दशांशचिन्ह स्वल्पविरामासारखं. एकविसांश मिलिमीटरसुद्धा ज्या कामात फार मोठा, त्या कामाच्या कागदावर ठिपका, स्वल्पविराम, ठिपका आणि एक लहान गोल अशी रांग झाली आणि त्यावर तेलाचं बोट पडलं, तर कुठला ठिपका आकड्याचा आणि कुठला घाणीचा हे कोण सांगणार? तिथल्या कारागिराला `0.05` वाचता येतं. त्याच्या मायक्रोमीटरवरही हेच अंक असतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो चिन्हांच्या दिशेवर. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, पण त्यातला आकडा डावीकडून उजवीकडेच लिहिला जातो. दोन्ही दिशा एका ओळीत नांदवण्यासाठी कॉम्प्युटरला नियम घालून दिलेले आहेत. अक्षरांची दिशा पक्की, आकड्यांची पक्की. पण उणे, ±, गुणाकाराची फुली अशी चिन्हं कुंपणावरची. शेजारी कोण आहे ते पाहून ती दिशा घेतात. अरबी शब्दानंतर उणे चिन्ह आणि मग आकडा टाइप केला की चिन्ह अरबीच्या बाजूला जातं आणि आकड्याच्या उजवीकडे येऊन बसतं.

या शाफ्टवर स्लीव्ह बसते तिथं `Ø32 g6` होतं. 32 च्या मापाला `g6` च्या मर्यादा `-0.009` आणि `-0.025`, दोन्ही उणे. म्हणजे शाफ्ट 31.991 पेक्षा जाड नको आणि 31.975 पेक्षा बारीक नको. स्लीव्हचं भोक `H7`, म्हणजे 32.000 ते 32.025. शाफ्ट सगळ्यात जाड आणि भोक सगळ्यात लहान निघालं तरी मध्ये 0.009 मिलिमीटर जागा राहते आणि स्लीव्ह हातानं सरकते. आता हेच अरबी वाक्यात टाइप केलं. मी लिहिलं ते पहिल्या ओळीत, पडद्यावर उमटलं ते दुसऱ्या ओळीत:

```
-0.009 -0.025
0.025- 0.009-
```

अरबी वाचणारा उजवीकडून आला तर त्याला हे बरोबर कळेल. पण कारागीर मापं डावीकडून वाचतो. जगभर तशीच वाचतात. डावीकडून पाहिलं तर आधी सुटा 0.025, मग `-0.009`, आणि शेवटी कशाचाच नसलेला एक डॅश. म्हणजे वरची मर्यादा अधिक 0.025 आणि खालची उणे 0.009. अशी जोडी दिसायला अगदी साळसूद असते, खटकत नाही. त्या वाचनानं शाफ्ट 31.991 ते 32.025 मध्ये कुठेही चालेल असं होतं. म्हणजे चांगला शाफ्ट जिथं संपायला हवा तिथं हा सुरू होतो. 32.020 चा शाफ्ट केला आणि भोक 32.005 चं निघालं, की स्लीव्ह सरकणार नाही. ती हातोड्यानं बसवली जाईल, आणि पुढच्या वेळी काढताना शाफ्ट खराब होईल.

फुलीचंही तसंच. बेअरिंगच्या खांद्याशी `2×0.5` अशी खाच होती: रुंदी 2, खोली 0.5. अरबी शब्दामागून ती `0.5×2` अशी उमटली. अर्धा मिलिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर खोल खाच 35 च्या शाफ्टला 31 वर आणते, तेही धारदार कोपऱ्यानं, आणि फिरणारा शाफ्ट अशाच जागी तडकतो. इथं अनुभवी कारागीर थांबून विचारेलही. पण कागद वाचणाऱ्याच्या शहाणपणावर सोडायचा नसतो. स्केल `1:2` असं सलग लिहिलं तर जागेवर राहतं. दोन्हीकडे मोकळी जागा सोडली तर उलटून `2 : 1` दिसतं, म्हणजे निम्म्याचं दुप्पट.

यावर उपाय आहेत. आकड्यांच्या आधी आणि नंतर न दिसणारी चिन्हं घालून तेवढा तुकडा डावीकडून उजवीकडे बांधून ठेवता येतो. पण मजकूर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात, तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की ही चिन्हं कुठेतरी गळतात, आणि गळली हे कळत नाही. म्हणून मी दुसरी वाट धरते. मूळ फोटोवर काहीही पुसत नाही, त्यावर अरबी चिकटवत नाही. प्रत्येक सूचनेला आणि मापाला फोटोवर एक गोल करून क्रमांक देते, आणि शेजारच्या वेगळ्या पानावर तेच क्रमांक घेऊन अरबी तक्ता करते. आकड्यांचा रकाना वेगळा, त्यात एकही अरबी अक्षर नाही. खाचेची फुली काढून टाकते आणि रुंदी 2, खोली 0.5 असं दोन घरांत लिहिते.

पानाची मांडणी अरबीप्रमाणे उलटवण्याचा मोहही टाळते. टायटल ब्लॉक डावीकडे नेणं दिसायला सोपं वाटतं. पण त्याच्या शेजारी दृश्यं कुठल्या पद्धतीनं मांडली ते सांगणारं, शंकू आणि दोन वर्तुळं असं चिन्ह असतं. त्यांची अदलाबदल झाली तर पहिल्या कोनाची पद्धत तिसऱ्या कोनाची होते आणि डावीकडचं दृश्य उजवीकडचं समजलं जातं.

सूचनांत एक होती: `BREAK SHARP EDGES`. शब्दाला शब्द दिला तर 'कस्र' येईल, तोडणं. आपली कसर त्यातूनच आली. पण कडा तोडायच्या नसतात, धार मारायची असते. तिथं 'धारदार कडा काढून टाकाव्यात' अशा अर्थाचं अरबी वाक्य हवं. दुसरी सूचना: टॉलरन्स न दिलेली मापं `IS 2102` मीडियमप्रमाणे. हे भारतीय प्रमाण त्या वर्कशॉपात असण्याची शक्यता नव्हती. त्याचे आकडे `ISO 2768` च्या पहिल्या भागातलेच आहेत. कारखान्याला विचारून तक्त्यात लागणारे तेवढे आकडे दिले: 62 आणि 95 ला ±0.3, 148 ला ±0.5, 420 ला ±0.8. मूळ सूचना वर ठेवली आणि ही जोड अनुवादाची आहे असं लिहिलं.

उणे चिन्हाचं शेवटचं उत्तर मात्र चिन्हच काढून टाकण्यात होतं. तक्त्यात `g6` पुढे दोन घरं केली, 'सगळ्यात मोठा व्यास' आणि 'सगळ्यात लहान व्यास', आणि त्यांत 31.991 व 31.975 लिहिले. या आकड्यांत अधिक-उणे काही नाही, त्यामुळे पलटायला काही उरत नाही. बेअरिंगच्या जागेला तसेच 35.018 आणि 35.002. हे गणित कारखान्याच्या इंजिनिअरनं तपासून सही केली. अनुवादकाच्या एकट्याच्या भरवशावर असले आकडे पाठवू नयेत.

कागद पोचल्यावर तिथल्या कारागिराशी फोनवर बोलले. लेथ चालवणाऱ्याला अरबीत 'ख़र्रात' म्हणतात. उत्तरेत लेथला खराद म्हणतात तो त्याच कुळातला. इजिप्तमध्ये अशा माणसाला मानानं 'उस्ता' म्हणायचं, आपला उस्ताद किंवा वस्ताद. ते मला बाशमुहंदिस, म्हणजे मोठ्या इंजिनिअर, म्हणू लागले. मी म्हटलं, "उस्ता, मी इंजिनिअर नाही, नुसती अनुवादक. तुम्हाला सगळं समजलं का, असं विचारत नाही. एवढंच सांगा, सहा क्रमांकाची जागा तुम्ही किती केली की थांबाल?"

समजलं का, असं विचारलं की कुठल्याही भाषेत हो असंच उत्तर येतं. आकडा विचारला की कागद खरंच कसा वाचला गेला ते कळतं. थोडा वेळ कागदाची सळसळ ऐकू आली. मग ते म्हणाले, "एकतीस, नऊशे ऐंशीला थांबेन. वरही जागा राहते, खालीही. चालेल ना?"

31.980. चालण्यासारखं होतं.